चीक वेगळा, गर वेगळा: कोरफडीच्या पानाची पार्श्वभूमी

कोरफडीचे पान कापले की सालीलगतच्या नळ्यांतून पिवळा, कडू चीक ओघळतो. आतला पारदर्शक गर ही वेगळीच चीज. शतकानुशतके व्यापार चालला तो चिकाचाच. तो आटवून सुकवला की काळा बोळ. सोकोत्रा बेटाचा, दक्षिण आफ्रिकेतल्या केपचा, बार्बाडोसचा माल रेचक म्हणून विकला जाई. 1851 मध्ये एडिंबरोच्या स्मिथ बंधूंनी बार्बाडोसच्या बोळातून अलॉइन हे त्यातले रेचक द्रव्य वेगळे केले.

अलॉइन पोटात गेल्या गेल्या काही करत नाही. त्यात साखरेचा रेणू कार्बनला थेट जोडलेला असतो. आपल्या पाचकरसांना तो बंध तुटत नाही, त्यामुळे ते बहुतांशी तसेच मोठ्या आतड्यापर्यंत पोहोचते. तिथले जिवाणू साखर तोडून अलो-इमोडिन अँथ्रोन मोकळे करतात. आतड्याचे अस्तर मग पाणी व क्षार नीट शोषत नाही, हालचाल वाढते आणि 6 ते 12 तासांनी जुलाब होतो. म्हणूनच डोस रात्री. रोज घेत राहिल्यास पोटॅशियम घटते. हृदयविकारासाठी डिगॉक्सिन घेणाऱ्याला हे घातक ठरू शकते.

गराची कीर्ती त्या मानाने अलीकडची. 1935 मध्ये अमेरिकेत कॉलिन्स व कॉलिन्स यांनी क्ष-किरणांनी झालेल्या त्वचादाहावर ताजे पान वापरल्याचे लिहिले. गर सुमारे 99 टक्के पाणीच. उरलेल्यात ॲसिटिल गट लागलेली मॅनोज या साखरेची लांब साखळी, म्हणजे ॲसेमॅनन, महत्त्वाची. ती त्वचेवर ओल धरते. प्रयोगशाळेत ती प्रतिकारपेशींनाही चेतवते. आतड्यात मात्र ती रेचक नाही, जिवाणू ती आंबवतात. जास्त उष्णतेने किंवा विकरांनी साखळी तुटली की बुळबुळीतपणा जातो.

गर लावला की जखम भरतेच, असेही नाही. 1991 च्या एका अभ्यासात शस्त्रक्रियेनंतर उघड्या राहिलेल्या जखमा जेल लावल्यावर भरायला सरासरी 83 दिवस लागले, नेहमीच्या उपचाराने 53. चिकाने तर त्वचेला खाज आणि पुरळ येऊ शकते.

घोळ झाला तो अख्खे पान दळण्याने. अमेरिकी चाचणीत उंदरांना असा न गाळलेला अर्क दोन वर्षे पाण्यातून दिला, तेव्हा त्यांच्या मोठ्या आतड्यात गाठी झाल्या. त्याआधीच, 2002 मध्ये, तिथे बिनचिठ्ठीच्या रेचकांतून कोरफड वगळली होती. आता उत्पादक अर्क कोळशातून गाळतात. पिण्याच्या रसासाठी या उद्योगाची मर्यादा 10 पीपीएम अलॉइन. म्हणजे 30 मिली रसात सुमारे 0.3 मिलिग्रॅम. रेचक मात्रा 10 ते 30 मिलिग्रॅमची, त्यामुळे असा रस पिऊन पोट साफ झाले तर चीक नीट निघाला नसल्याची शंका घ्यावी.

घरी पान कापल्यावर कापलेली बाजू खाली करून 10-15 मिनिटे उभे ठेवावे. काटे व साल जरा जाडच काढून गर धुवावा. जिभेला कडू लागला, तर चीक अजून आहे.