भिंतीवरून पलंगाखाली: डासांच्या फवारणीचा उलटा प्रवास

शहापूर तालुक्यातल्या माझ्या आजोळच्या दारावर गेरूने रंगवलेला एक घरनंबर आणि तारीख कितीतरी वर्षं होती. हिवतापवाले पंप मारून गेले की ही खूण मागे राहायची. आजी त्यांना 'पावडरवाले' म्हणे. ते यायचे त्या दिवशी भांडीकुंडी, अंथरुणं, धान्य सगळं अंगणात निघायचं आणि संध्याकाळी भिंतींवर पांढुरके ओघळ दिसायचे. आजीला हिवतापाची फारशी फिकीर नव्हती. त्या पावडरीने ढेकूण मरतात म्हणून तिला ते लोक हवे असायचे. पुढे दिवाळी तोंडावर आली की त्याच भिंती ती शेणामातीने सारवून काढायची. औषध सारवणाच्या आत, डास सारवणाच्या बाहेर.

गेल्या पावसाळ्यात कोपरखैरण्याला मावशीच्या इमारतीत डेंग्यूचा रुग्ण निघाला आणि आजूबाजूच्या घरांत फवारणी झाली. आलेल्या माणसाने भिंतींकडे पाहिलंही नाही. आधी दिवाण उचलायला लावला, मग पडदे बाजूला करायला लावले, मग चपलांच्या कपाटामागे नळी घातली. मावशीने विचारलं, "भिंतीला नाही का मारत?" तो म्हणाला, "मावशी, हा डास भिंतीवर बसत नाही हो. हा तुमच्या पलंगाखाली असतो."

आजीच्या भिंतीपासून मावशीच्या पलंगापर्यंत यायला साठ-सत्तर वर्षं लागली. मधल्या काळात औषधं बदलली, पण त्याहून मोठा बदल वेगळाच होता. डास नेमका कुठे बसतो याकडे माणसांनी नीट पाहायला सुरुवात केली.

भिंतीवर फवारायची कल्पना डीडीटीमुळे आली. १९३९ मध्ये पॉल म्युलर यांना या पदार्थाचा कीटकनाशक गुण सापडला, आणि १९४८ मध्ये त्यासाठी त्यांना नोबेल मिळालं. त्याआधी घरात पायरेथ्रम फवारत, म्हणजे शेवंतीच्या जातीतल्या एका फुलाचा अर्क रॉकेलमध्ये मिसळून. समोर असेल तो डास त्याने पटकन पडायचा, पण दुसऱ्या दिवशी त्या खोलीत औषधाचा मागमूस उरत नसे. डीडीटीचं वेगळेपण टिकण्यात होतं. भिंतीवर एका चौरस मीटरला एक ग्रॅम बसला की तो काही महिने काम करायचा.

डास चावायला आलेला असताना त्याला गाठायची गरजच त्यामुळे उरली नाही. खेड्यात मलेरिया पसरवणारी ॲनोफेलिस क्युलिसिफेसीसची मादी रात्री गोठ्यात किंवा घरात रक्त पिते. पोट जड झालं की तिला दूर उडवत नाही. ती जवळच्या भिंतीवर बसते आणि रक्त पचून अंडी तयार होईपर्यंत दोन-तीन दिवस आडोसा सोडत नाही. मलेरियाचे जंतू तिच्या पोटातून लाळेपर्यंत पोचायला दहाएक दिवस तरी लागतात, म्हणजे तेवढ्या मुदतीत ती तीन-चारदा कुठल्यातरी भिंतीवर टेकणारच. एकदा जरी औषधावर बसली तरी तिच्याकडून पुढे कुणाला रोग जात नाही.

मुंबई इलाख्यात डॉ. डी. के. विश्वनाथन यांनी १९४६ पासून कारवार-धारवाड भागात हे मोठ्या प्रमाणावर करून दाखवलं. १९५३ मध्ये देशभराचा हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि १९५८ मध्ये त्याचं नाव 'निर्मूलन' झालं. स्वातंत्र्याच्या सुमारास देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होत असल्याचा अंदाज होता. १९६५ च्या आसपास हा आकडा लाखभरावर आला.

मग गाडी उलटी फिरली. १९५९ मध्येच तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या पंचमहाल जिल्ह्यातून क्युलिसिफेसीस डीडीटीला दाद देत नसल्याची नोंद आली होती. गावांत कुरबूर वेगळीच होती: ढेकूण मरेनासे झाले. ज्या घरांनी ढेकणांपायी पावडरवाल्यांना आत घेतलं होतं, तीच घरं आता सामान बाहेर काढायला कंटाळू लागली. सारवण होतंच. १९७६ मध्ये रुग्ण पुन्हा चौसष्ट लाखांच्या पुढे गेले. घरातल्या बाईला फवारणीतून काय मिळतं, हा हिशेब कागदावर कधी मांडला गेला नाही. तो मांडला असता तर पुढचं बरंच आधी दिसलं असतं असं मला वाटतं.

शहरांची गोष्ट मुळापासून निराळी. मुंबईच्या मलेरियाचा शोध घेताना ब्रिटिश डॉक्टर बेंटली यांनी १९११ मध्ये विहिरींवर बोट ठेवलं होतं. शहरातला ॲनोफेलिस स्टीफेन्सी विहिरीत, टाकीत, हौदात वाढतो. एवढ्या दाट वस्तीत घर न् घर फवारण्यापेक्षा पाण्यातली अळी मारणं सोपं आणि स्वस्त, असं ठरलं. १९७१ मध्ये शहरी हिवताप योजना आली तीही अळीवरच बेतलेली. सिडकोची स्थापना १९७० ची. म्हणजे नवी मुंबई आखली जात होती तेव्हाच शहरातल्या भिंतीवरचा पंप मागे पडला होता. म्हणून वाशी-नेरुळला वाढलेल्यांना टाक्यांची तपासणी ठाऊक असते, गप्पी मासे ठाऊक असतात, संध्याकाळी गल्लीतून जाणारी धुराची गाडीही ठाऊक असते. घरात फवारणारा माणूस मात्र त्यांच्या आठवणीत नसतो.

डेंग्यूचा एडिस इजिप्ती या सगळ्या योजनेत कुठेच बसत नाही. तो दिवसा चावतो, सकाळी आणि मावळतीच्या आधी जास्त. धुराची गाडी येते तेव्हा तो घरात असतो आणि आपण वासाला कंटाळून खिडक्या लावून घेतलेल्या असतात. धुराचे कण हवेत तरंगतात, उडणाऱ्या डासाला लागतात आणि थोड्या वेळात विरून जातात. कपाटामागे स्वस्थ बसलेल्या मादीपर्यंत ते पोचत नाहीत.

ती बसते कुठे, हे बघायची पद्धत जुनी आणि साधी आहे. आपल्याकडच्या हिवताप विभागात 'कीटक समाहारक' असं एक पद असतं. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात जाळी लावलेली ओढनळी. टॉर्चचा झोत तिरका टाकायचा, डास दिसला की नळीचं तोंड त्याच्यावर धरून हलकेच श्वास ओढायचा. एका माणसाला तासाभरात किती सापडले, यावरून घनता काढतात. मेक्सिकोतल्या अकापुल्को शहरात घराघरातून असाच शोध घेतला तेव्हा घरातल्या एडिसपैकी सुमारे ८२ टक्के डास दीड मीटरच्या खाली बसलेले मिळाले आणि सगळ्यात जास्त झोपायच्या खोलीत. दीड मीटर म्हणजे साधारण आपल्या खांद्याची उंची. त्याच्या वरची भिंत आणि छत फवारणं हे बहुतांशी वाया.

ही गोष्ट कामात आधी उतरवली ती ऑस्ट्रेलियातल्या केर्न्स शहराने. तिथे २००८-०९ मध्ये डेंग्यूची मोठी साथ आली. रुग्ण त्या दिवसांत कुठे-कुठे गेला होता ते विचारून त्या घरांत टिकाऊ औषध मारलं गेलं, पण सबंध भिंतींना नव्हे. पलंग, टेबल, सोफा यांच्या खाली, कपाटांच्या आत-मागे, अंधाऱ्या कोपऱ्यांत. या साथीचं विश्लेषण २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं. न फवारलेल्या घरांच्या तुलनेत फवारलेल्या घरांत पुढच्या लागणीची शक्यता ८६ ते ९६ टक्क्यांनी कमी दिसली. केर्न्सची घरं सुटी आणि ऐसपैस, त्यामुळे तो आकडा जसाच्या तसा घणसोलीला लावू नये.

मावशीच्या बेडरूमवरच हिशेब करून बघू. खोली ३ बाय ३.६ मीटर, उंची २.७. चार भिंतींचा घेर १३.२ मीटर. दारं-खिडक्या वजा न करता पूर्ण भिंती सुमारे ३५.६ चौरस मीटर, छत आणखी १०.८. एका चौरस मीटरला ४० मिली द्रावण हे नेहमीचं माप धरलं तर जुन्या पद्धतीने जवळजवळ १.९ लिटर लागेल. दीड मीटरपर्यंतच्या भिंती १९.८ चौरस मीटर, पलंगाची खालची बाजू तीनएक, मिळून २२.८. म्हणजे ९०० मिलीच्या आसपास. औषध निम्म्याहून कमी, वेळही कमी, आणि सामान अंगणात काढायची भानगड नाही. (कोपरखैरण्यात अंगण आणायचं कुठून हा प्रश्नही मग उरत नाही.)

एक घोळ मात्र नीट समजून घ्यायला हवा. रुग्ण निघाल्यावर घरात जी फवारणी होते ती आपल्याकडे बहुधा पायरेथ्रमची असते: दोन टक्क्यांचा अर्क एक भाग, रॉकेल एकोणीस भाग. जागा बरोबर, पण औषध न टिकणारं. त्या क्षणी पलंगाखाली बसलेली, कदाचित रोग घेऊन बसलेली मादी त्याने मरते, आणि साथीत तेवढंही कामाचं असतं. पण शेजारच्या पिंपातून उद्या निघालेली मादी त्याच पलंगाखाली बिनधास्त येऊन बसते. बाजारातल्या फवाऱ्याच्या डब्यांचंही साधारण तसंच. डेल्टामेथ्रिनसारखं टिकाऊ औषध प्रशिक्षित माणसानेच मारायचं असतं. आधी माणसं, मांजर आणि माशांचं भांडं बाहेर काढायचं आणि फवारा वाळेपर्यंत खोलीत जायचं नाही.

ते टिकलं का, हे वासावरून किंवा डागावरून कळत नाही. त्यासाठी फवारलेल्या भिंतीवर प्लास्टिकचा छोटा शंकू चिकटवून त्यात दहाएक डास तीस मिनिटं सोडतात आणि चोवीस तासांनी मेलेले मोजतात. शंभरातले ऐंशीही मेले नाहीत तर त्या पृष्ठभागावरचं औषध उतरलं असं धरतात. ओल आलेल्या किंवा ताज्या चुना मारलेल्या भिंतीवर ते लवकर उतरतं. आणि तिथला डासच त्या औषधाला सरावलेला असेल तर शंकूतही आरामात बसतो. अशा वेळी फवारा जपून मारला की ढिसाळ, याने काही फरक पडत नाही.

एक अडचण मेक्सिकोला आणि आपल्याला सारखीच आहे. एडिसला लोंबणाऱ्या, गडद रंगाच्या वस्तू फार आवडतात. मावशीच्या दारामागे एका खुंटीवर शाळेचं दप्तर, दोन रेनकोट आणि काकांची काळी छत्री असते. पंपवाल्याने पलंग केला, पडदे केले, कपाट केलं, पण अंगावर घ्यायच्या वस्तूंवर औषध मारत नाहीत म्हणून खुंटी सोडली. चार दिवसांनी मी टॉर्च घेऊन बघितलं. पलंगाखाली एकही नव्हता. छत्रीच्या घडीत दोन होते, पायांवर पांढरे पट्टे असलेले. ती छत्री आता बाल्कनीत उघडी टांगलेली असते, आणि काका रोज सकाळी ती शोधतात.