जादा तासांचा दर कोणता: आठवड्याच्या सरासरीचा की त्या वेळच्या कामाचा?

बडोद्यात अलकापुरीच्या एका ऑफिसात बसून मी अमेरिकेतल्या छोट्या मोटेलांचे पगार काढते. मालक बहुतेक आपल्या शेजारच्या चरोतरचे पटेल. तिथे सोमवार उजाडतो तेव्हा इकडे संध्याकाळ झालेली असते, आणि गेल्या आठवड्याच्या टाइमशीट एकामागून एक यायला लागतात. मोटेल लहान असलं की एकच माणूस दोन कामं करतो. चार दिवस रिसेप्शनवर बसतो, दोन दिवस खोल्या साफ करतो, आणि दोन्ही कामांचा तासाचा दर वेगळा असतो. चाळीस तासांच्या आत सगळं सरळ असतं. जितके तास ज्या कामाचे, तितके त्या दराने. माणूस चाळीस ओलांडतो तिथे मात्र आमच्याकडे येणारी प्रत्येक नवी मुलगी एकच प्रश्न विचारते: "ताई, ओव्हरटाइम कोणत्या दराने लावू?"

याची कायदेशीर उत्तरं दोन आहेत. दोन्ही खरी आहेत, पण कोणतं कधी वापरायचं यात सतत गल्लत होते.

अमेरिकेच्या १९३८च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे, ज्यांना ओव्हरटाइम लागू आहे त्यांना आठवड्यात ४० तासांच्या पुढच्या प्रत्येक तासाला 'नियमित दरा'च्या किमान दीडपट पैसे मिळायला हवेत. दोन दर असतील तर हा नियमित दर म्हणजे आठवड्याची भारित सरासरी. सगळ्या कामांची साधी मजुरी एकत्र करायची आणि एकूण तासांनी भागायची. मूळ नियम हा आहे, आणि दुसरं काही ठरलेलं नसेल तर हाच लागतो. दुसरी पद्धत अपवादाची आहे. जादा तासात माणूस जे काम करत होता त्याच कामाच्या दराच्या दीडपट द्यायचं. पण त्यासाठी मालक आणि कामगार यांच्यात काम सुरू होण्याआधी तसं ठरलेलं असावं लागतं.

एक टाइमशीट घेऊन बघू. रिसेप्शनचे ३० तास, दर १८ डॉलर. खोल्यांच्या साफसफाईचे १८ तास, दर १४ डॉलर. एकूण ४८ तास, म्हणजे ८ जादा.

साधी मजुरी आधी काढू. रिसेप्शनचे ५४० आणि साफसफाईचे २५२, मिळून ७९२ डॉलर. याला ४८ने भागलं की १६.५० येतात. हा झाला नियमित दर. आता इथेच बहुतेकांचा हात चुकतो. ७९२मध्ये आठही जादा तासांचे एकपट पैसे आधीच आलेले आहेत, त्यामुळे वर फक्त अर्धपट द्यायची राहते. १६.५०चे अर्धे ८.२५, गुणिले ८ तास, म्हणजे ६६ डॉलर. आठवड्याचा पगार ८५८.

ज्यांनी इथल्या कारखान्याचे पगार काढलेले असतात त्यांच्या डोक्यात 'जादा तासाला डबल' इतकं घट्ट बसलेलं असतं की ७९२च्या वर ते पूर्ण दीडपट टाकून मोकळे होतात. मग ९९० येतात. एकदा आलेले एकपट पैसे पुन्हा मोजले गेले, १३२ डॉलर जास्त. पडताळा सोपा आहे. पहिले ४० तास १६.५०ने ६६० आणि पुढचे ८ तास २४.७५ने १९८, दोन्ही मिळून ८५८च यायला हवेत.

भारित सरासरी म्हणजे दोन दरांची बेरीज करून दोनाने भागणं नव्हे, हेही सांगावं लागतं. १८ आणि १४ यांच्या मधला आकडा १६. पण या बाईने रिसेप्शनवर जास्त वेळ काढला आहे, त्यामुळे सरासरी १८कडे झुकते. सोळाने हिशेब केला तर जादा तासांचे ६४ येतात, म्हणजे तिचे २ डॉलर बुडाले. माझ्या पहिल्या वर्षी मी नेमकं हेच करत होते. रक्कम लहान होती म्हणून कोणाच्या नजरेत आली नाही. माझ्या शीटमध्ये वरचं सूत्र होतं, हवं होतं खालचं (B रकान्यात तास, C रकान्यात दर):

```
=AVERAGE(C2:C3)
=SUMPRODUCT(B2:B3,C2:C3)/SUM(B2:B3)
```

आता तीच टाइमशीट दुसऱ्या पद्धतीने. इथे नुसते एकूण तास पुरत नाहीत, चाळिसावा तास कधी भरला ते बघावं लागतं. या मोटेलचा आठवडा रविवारी सुरू होतो. समजा रविवार ते बुधवार रोज साडेसात तास ती रिसेप्शनवर होती, तिथे ३० झाले. गुरुवारी ८ तास साफसफाई, एकूण ३८. शुक्रवारी १० तास साफसफाई. त्यातल्या पहिल्या दोन तासांत चाळीस भरले, उरलेले आठही जादा, आणि आठही १४च्या कामाचे. अर्धपट ७ डॉलर, आठ तासांचे ५६. पगार ८४८.

आता दिवस उलटे लावू. रविवार आणि सोमवार साफसफाई, १० आणि ८ तास. मग चार दिवस रिसेप्शन. शेवटचे आठ तास आता १८च्या कामाचे झाले. अर्धपट ९, एकूण ७२, पगार ८६४.

बाई तीच, कामं तीच, तास तेच, आणि १६ डॉलरचा फरक केवळ कोणता दिवस आधी आला त्यावर. भारित सरासरीत असं होत नाही. दिवस कसेही हलवा, ८५८च येतात. दोन पद्धतींत गोंधळ झाला की मी मुलींना हेच करून बघायला सांगते. शिफ्टचा क्रम बदला. पगार हलला तर तुम्ही दुसरी पद्धत वापरताय, मग त्याला आधार काय ते दाखवा.

आधार म्हणजे तो आधीचा करार. नियमाची भाषा यात स्पष्ट आहे. कामं खरोखर वेगवेगळ्या प्रकारची असावी लागतात. तेच काम रात्री केलं म्हणून दर वाढला, तर ते दुसरं काम ठरत नाही. प्रत्येक दर खरा असावा लागतो, म्हणजे जादा नसलेल्या तासांतही त्या कामाला तोच दर प्रत्यक्ष दिला जात असला पाहिजे आणि तो किमान वेतनापेक्षा कमी नसावा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, हे ठरणं कामाच्या आधीचं असावं लागतं. आठवडा संपल्यावर टाइमशीट समोर घेऊन, कोणत्या पद्धतीने कमी द्यावं लागेल ते बघून पद्धत निवडायची, याला जागा नाही.

हे मी ठासून सांगते कारण एका मोटेलच्या बाबतीत ते डोळ्यांसमोर झालं. मालकाने फोनवर सांगितलं, "ज्या आठवड्यात जे स्वस्त पडेल ते लावा." मी करार मागितला. कागद नव्हता, आणि कामगाराशी तोंडीही कधी बोलणं झालेलं नव्हतं. मग आम्ही भारित सरासरीनेच पगार काढले, आणि मागच्या ज्या आठवड्यांत कमी गेलं होतं त्यांचा फरक काढून त्यांना पाठवला. तोंडी समजूतही चालू शकते, पण चौकशी झाली तर ती सिद्ध कशी करणार? म्हणून आम्ही सहीचा कागद असल्याशिवाय दुसरी पद्धत लावतच नाही. अशा प्रकरणात कमी दिलेली रक्कम तर भरावी लागतेच, शिवाय सहसा तेवढीच रक्कम भरपाई म्हणून वर द्यावी लागते, आणि मागची दोन वर्षं उकरली जातात. जाणूनबुजून केलं असं ठरलं तर तीन.

माझं मत विचाराल तर, जिथे शिफ्ट मालक लावतो तिथे भारित सरासरीच न्यायाची. नाहीतर स्वस्त काम आठवड्याच्या शेवटी ढकलण्याचा मोह सुटत नाही. दुसरी पद्धत तिथे शोभते जिथे जादा तास जवळजवळ नेहमी एकाच ठरलेल्या कामात पडतात आणि कामगाराला ते आधीपासून माहीत असतं.

या दोन्हींपेक्षा वाईट अशी एक चूक आहे, आणि ती हिशेबाची नाही, नोंदीची आहे. दोन कामं म्हणून सॉफ्टवेअरमध्ये एकाच माणसाचे दोन नंबर उघडलेले असतात. एकावर ३० तास, दुसऱ्यावर १८. दोन्ही चाळिसाच्या खाली, म्हणून सॉफ्टवेअर ओव्हरटाइम शून्य दाखवतं आणि ७९२वर थांबतं. मालक एकच असेल तर तास एकत्रच मोजायचे, काम कितीही वेगळं असो. दोन आठवड्यांचा पगार एकदम निघत असेल तर ४८ आणि ३२ची बेरीज करून 'सरासरी चाळीसच झाले' असंही म्हणता येत नाही. प्रत्येक आठवडा आपापला.

राज्याचा कायदा मात्र आधी उघडून बघायचा. कॅलिफोर्नियात दिवसाच्या आठ तासांनंतरच ओव्हरटाइम सुरू होतो, तिथे वरचा शुक्रवारचा दहा तासांचा दिवस एकट्यानेच जादा तास उभे करतो. केंद्र आणि राज्य यांतलं जे कामगाराला जास्त देईल ते लागू.

आपल्याकडची सवय इथे आडवी येते ती अशी. आपल्या १९४८च्या किमान वेतन कायद्यात तरतूद होती की एकाने वेगवेगळ्या किमान दरांची कामं केली तर प्रत्येक कामाच्या वेळेला त्या-त्या कामाचा किमान दर मिळावा. ते वाचलेल्याला वाटतं, जादा तासांनाही 'ज्याचं काम त्याचा दर' हाच मूळ नियम असणार. अमेरिकेच्या हिशेबात तो अपवाद आहे.

जुनी पेस्लिप हातात आली आणि कोणत्या पद्धतीने काढली ते लिहिलेलं नसेल, तर मी उलटं मोजते. जादा तासांची जी अर्धपट रक्कम दिली आहे तिला जादा तासांनी भागायचं आणि दुप्पट करायचं. वरच्या उदाहरणात ६६ला ८ने भागून दुप्पट केलं की १६.५० येतात, एकूण मजुरी भागिले एकूण तास इतकेच. म्हणजे भारित सरासरी. १४ किंवा १८ आले तर त्या कामाचा दर लावलाय, करार शोधा. १६ आले, दोन दरांच्या बरोबर मधले, तर बहुधा कोणीतरी साधी सरासरी काढली आहे. पण जादा तास दोन्ही कामांत वाटले गेले असतील तर दुसऱ्या पद्धतीनेही मधला आकडा येतो. तीन तास रिसेप्शन आणि पाच तास साफसफाई असेल तर २७ आणि ३५, मिळून ६२, उलट मोजून १५.५०. चार-चार तास असतील तर ६४, आणि तेव्हा नेमके १६च येतात. अशा वेळी आकड्यावरून काही ठरवू नये. त्या आठवड्याच्या रोजच्या वेळा मागवाव्यात आणि चाळिसावा तास कुठे भरला ते बोट ठेवून बघावं.