आधी जागा निवडा, मग टाइप करा: मल्टी कर्सर आला कुठून

मल्टी कर्सर म्हणजे एकाच वेळी अनेक जागी टाइप करता येणं. त्याच्यापुढे फाइंड अँड रिप्लेस म्हणजे आंधळेपणाने दिलेला हुकूम, असं मला कायम वाटतं, आणि त्याला कारण आहे. ही पद्धत ज्या काळात घडली तेव्हा फाइल डोळ्यांसमोर दिसतच नव्हती. १९६९ च्या सुमाराला बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसनने युनिक्ससाठी `ed` नावाचा एडिटर लिहिला, तेव्हा समोर स्क्रीन नसायची, टेलिटाइप असायचा, म्हणजे कागदावर छापणारं मशीन. फाइल बघायची तर ती छापून घ्यावी लागायची, मग बदल करायचा तो शब्दांत सांगूनच करायचा.

```
1,$s/n/num/g
```

म्हणजे पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत जिथे `n` दिसेल तिथे `num` कर. आता यात गोची लगेच दिसते, व्हेरिएबलचं नाव `n` असेल तर ते बदलेलच पण `print` चं पण `prinumt` होईल. कुठे बदल करायचा आणि काय करायचा हे दोन्ही एकाच वाक्यात, आधीच, न बघता सांगायचं. आजचा रिप्लेसचा बॉक्स दिसायला छान आहे, मॅचेस पिवळे करून दाखवतो, पण गाभा तोच आहे.

हे दोन भाग वेगळे करायचं काम रॉब पाइकने केलं, तेही बेल लॅब्जमध्येच, `sam` नावाच्या एडिटरमध्ये. १९८७ मध्ये त्याने यावर लिहिलं, आणि वरचाच `n` चा प्रश्न तिथे असा सुटतो:

```
,x/[a-zA-Z]+/ g/n/ v/../ c/num/
```

डावीकडून वाचा. फाइलमधले सगळे शब्द वेगळे काढ, त्यातले `n` असलेले ठेव, त्यातून दोन किंवा जास्त अक्षरांचे काढून टाक, उरले त्यांच्या जागी `num` लिही. म्हणजे आधी निवड, ती चाळत चाळत बारीक करायची, आणि बदल सगळ्यात शेवटी. मला यातली अजून एक गोष्ट महत्त्वाची वाटते, `sam` सगळे बदल मूळ मजकुरावरच ठरवतो आणि मग एकत्र लावतो, एका बदलामुळे पुढची शोधाशोध बिघडत नाही. मल्टी कर्सरचं बीज इथे आहे, फक्त अजून ते कमांडमध्ये होतं, बोटांत नव्हतं.

बोटांत आणायचा प्रयत्न कार्नेगी मेलनमध्ये झाला. रॉब मिलर आणि ब्रॅड मायर्स यांनी लॅपिस नावाचा एडिटर केला, २००१ च्या त्यांच्या पेपरमध्ये ते त्याला एकाच वेळी अनेक जागी एडिटिंग म्हणतात. तुम्ही एक-दोन जागा दाखवायच्या, बाकीच्या सारख्या जागा तो ओळखून सिलेक्ट करणार, मग एका ठिकाणी टाइप केलं की सगळीकडे उमटणार. पण हे घराघरात पोचलं ते सबलाइम टेक्स्टमुळे, जॉन स्किनरने २००८ मध्ये काढलेला. पुढे ॲटम, व्हीएस कोड सगळ्यांनी ते उचललं, ईमॅक्ससाठी वेगळं पॅकेज आलं.

आत काय चालतं ते तसं सोपं आहे. एडिटर एक कर्सर न ठेवता सिलेक्शनची यादी ठेवतो, प्रत्येकाची सुरुवात आणि शेवट. तुम्ही एक अक्षर दाबलं की ते प्रत्येक जागी घालायचं, पण पहिल्या जागी अक्षर वाढलं की पुढच्या सगळ्या जागा एकने सरकतात, म्हणून एकतर खालून वर काम करायचं नाहीतर सरकलेला हिशोब धरायचा. दोन कर्सर एकाच जागी आले तर ते एक होतात, हे लक्षात ठेवा, खाली उपयोगी पडणार आहे. आणि सगळ्या जागांचा बदल मिळून अनडूची एकच पायरी.

आता एक खरं काम बघू. आरटीओ कोड आणि जिल्हे आहेत, त्यांचा ड्रॉपडाउन करायचाय.

```
MH20 Aurangabad
MH25 Osmanabad
MH03 Mumbai East
MH12 Pune
BR26 Aurangabad
```

व्हीएस कोडमध्ये, विंडोजवर, साध्या टेक्स्ट फाइलमध्ये पाचही ओळी सिलेक्ट करून `Shift+Alt+I` दाबा, प्रत्येक ओळीच्या शेवटी कर्सर येतो. `Home`, मग `<option value="` टाइप करा. मग `Ctrl+Right`, इथे खरी गंमत आहे कारण प्रत्येक कर्सर आपापल्या ओळीतल्या शब्दाच्या शेवटी जातो, शब्द लहान असो की मोठा. `">` टाइप करा, `Delete` दाबून मधली स्पेस काढा, `End`, आणि `</option>`. झालं, आणि प्रत्येक पायरीला पाचही ओळी डोळ्यांसमोर बदलताना दिसल्या.

प्रामाणिकपणे सांगायचं तर एवढंच काम `^(\S+) (.+)$` शोधून रेगेक्सनेही होतं. आणि तिथे एक फायदा पण आहे. समजा यादीत कोणीतरी `MH03Mumbai` असं स्पेस न देता लिहिलंय, रेगेक्स त्या ओळीला हातच लावणार नाही, ती तशीच राहील आणि उठून दिसेल. मल्टी कर्सर मात्र थांबत नाही, तिथला कर्सर ओळीच्या टोकाला जातो आणि `Delete` ने खालची ओळच वर ओढली जाते. हे ओळखायचं कसं, तर `End` दाबल्यावर तो आणि खालच्या ओळीचा कर्सर एकाच टोकाला येऊन एक होतात आणि खालच्या पट्टीत `5 selections` चं `4 selections` होतं. आकडा कमी झाला की लगेच `Ctrl+Z`, पुढे टाइप करत बसू नका.

मल्टी कर्सर खरा जिंकतो तो पुढच्या कामात. २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव. उस्मानाबादसाठी रिप्लेस ऑल बहुतेक चालून जाईल, पण औरंगाबाद नावाचा जिल्हा बिहारमध्येही आहे, वरच्या यादीतला `BR26` तोच, आणि त्याचं नाव बदललेलं नाही. कुठला औरंगाबाद कुठला हे त्या शब्दात लिहिलेलं नसतं, आजूबाजूची ओळ वाचूनच कळतं, त्यामुळे कुठलाही एक पॅटर्न सगळ्या फाइलींना पुरत नाही. इथे शब्दावर कर्सर ठेवून `Ctrl+D` दाबत जायचं, प्रत्येक वेळी पुढचा औरंगाबाद सिलेक्शनमध्ये येतो आणि स्क्रीन तिथे जाते, बिहारचा आला तर `Ctrl+K Ctrl+D` ने तो सोडून पुढे, चुकून जास्त घेतला तर `Ctrl+U`. सगळे बरोबर जमले की एकदाच टाइप. रिप्लेस बॉक्समध्ये एकेक बघून हो-नाही म्हणता येतं हे खरं, पण तिथे बदल तिथल्या तिथे होत जातो, इथे आधी पूर्ण निवड हातात येते.

एक बारकावा, यावरून बरेच जण अडकतात. काहीच सिलेक्ट न करता पहिला `Ctrl+D` दाबला तर तो पूर्ण शब्दच शोधतो, कॅपिटल-स्मॉल बघून. पण माउसने आधी स्वतः सिलेक्ट केलं तर तो शब्दाच्या आत दडलेला तुकडाही पकडतो, म्हणजे `n` सिलेक्ट केलंत तर `print` मधला `n` पुन्हा यादीत. `ed` चाच जुना प्रश्न.

कामं शेकडो फाइलींत पसरलेली असतील, किंवा तोच बदल दर महिन्याला करायचा असेल, तर मल्टी कर्सर सोडा आणि रिप्लेस किंवा स्क्रिप्ट घ्या. तीनशे जागा कोणी डोळ्यांनी तपासत नाही. मिलर आणि मायर्सना हे तेव्हाच दिसलं होतं, त्यांनी लॅपिसमध्ये बाकीच्यांपेक्षा वेगळ्या दिसणाऱ्या जागा ठळक करून दाखवायची सोय केली होती, म्हणजे तीनशेतल्या त्या दोन विचित्र जागांकडे नजर आपोआप जावी. व्हीएस कोडने आपल्याला `Ctrl+D` दिला, ती सोय दिली नाही, त्यामुळे `MH03Mumbai` सारखी ओळ पकडायला अजूनही खालचा आकडाच बघावा लागतो.