ग्राइप वॉटर ते सिमेथिकोन: बाळाच्या पोटदुखीच्या थेंबांची पार्श्वभूमी

पूर्व इंग्लंडात फेन्स नावाचा दलदलीचा प्रदेश आहे. १८४० च्या दशकात तिथे हिवतापाने लोक हैराण होते आणि लहान मुलांना त्यावर एक औषधी पाणी पाजलं जाई. ते प्यायल्यावर रडणारी, पोट आखडून घेणारी बाळंही शांत होतात, हे विल्यम वुडवर्ड या औषधविक्रेत्याच्या लक्षात आलं. त्यावरून त्याने नॉटिंगहॅममध्ये १८५१ साली स्वतःचं मिश्रण तयार केलं. त्यात शेपूच्या बियांचं तेल, खाण्याचा सोडा, साखर, पाणी आणि सुमारे ३.६ टक्के अल्कोहोल होतं. १८७६ मध्ये 'ग्राइप वॉटर' हे नाव त्याने नोंदवून घेतलं. आज घरोघरी फळीवर दिसणारी बाटली इथून निघाली.

त्या काळच्या इंग्लंडात रडणाऱ्या बाळाला अफूमिश्रित सिरप देण्याची सर्रास पद्धत होती आणि त्यात बाळं दगावतही. त्या तुलनेत हे पाणी सौम्यच म्हणायचं. पण त्याने बाळ शांत का होत असे? अल्कोहोल गुंगी आणतं, साखर बाळाला चव देते. बाळाच्या वजनाचा हिशोब केला तर प्रकरण गंभीर होतं. एका ब्रँडचा दिवसाचा कमाल डोस ८० किलोच्या माणसाने व्हिस्कीचे पाच पेग घेण्याइतका भरतो, असं ब्रिटनच्या रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनच्या नियतकालिकात २००० साली छापून आलं आहे. ब्रिटनमध्ये ग्राइप वॉटरमधून अल्कोहोल हटायला १९९२ उजाडलं. सुमारे १४० वर्षं पिढ्यान्‌पिढ्या बाळांनी दारूचा अंश असलेलं पाणी प्यायलं आणि आज्यांनी 'याने बाळ कसं गाढ झोपतं' असं पुढच्या पिढीला सांगितलं. ती ख्याती मूळच्या मिश्रणाची होती, आजच्या बाटलीची नव्हे. हा फरक पालकांना कुणीच समजावून सांगत नाही, याची मला खंत वाटते.

आपल्याकडे या बाटलीला रुजायला जमीन तयारच होती. बाळंतिणीला बाळंतशोपा आणि ओवा, बाळाला सहाणेवर उगाळलेली गुटी, पोटात मुरडा आला की त्यात मुरुडशेंगेचे दोन वेढे जास्त, हे सगळं घरात होतंच. मुंबईच्या गिरण्यांत आईला पाळीवर जावं लागे तेव्हा बाळाला अफूची 'बाळगोळी' देऊन निजवलं जाई, हाही आपल्या इतिहासाचा भाग आहे. ग्राइप वॉटर आलं ते शेपूच्या ओळखीच्या वासासह, आयतं आणि स्वच्छ दिसणारं. दूरदर्शनच्या जाहिरातीत आजी आईला आणि आई मुलीला तोच सल्ला देताना दिसली, तेव्हा ते घरातलंच औषध होऊन गेलं. पुढे दक्षिण भारतात एक ते सहा महिन्यांच्या बाळांच्या आयांची पाहणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात निम्म्याहून अधिक आया बाळाला ग्राइप वॉटर देत होत्या. या वयात बाळाला केवळ आईचं दूध द्यावं, असं डॉक्टर सांगतात.

या सगळ्या काळात मूळ दुखणं काय आहे, याचा शोध वेगळ्याच दिशेने चालला होता. १९५४ मध्ये अमेरिकेतल्या मॉरिस वेसेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉलिकची व्याख्या केली. एरवी धष्टपुष्ट असलेलं बाळ दिवसात तीन तासांहून जास्त, आठवड्यात तीनहून जास्त दिवस आणि तीन आठवड्यांहून जास्त काळ रडत असेल तर ते कॉलिक. १९६२ मध्ये बेरी ब्राझेल्टन यांनी आयांकडून रोजच्या रडण्याच्या नोंदी ठेवून घेतल्या. साधारण निरोगी बाळंही दुसऱ्या आठवड्यात दिवसाला पावणेदोन तासांच्या आसपास रडत होती, सहाव्या आठवड्यात पावणेतीन तासांच्या आसपास, आणि त्यानंतर रडणं आपोआप उतरत गेलं. तीन-चार महिन्यांत बहुतेक बाळांचं हे थांबतं.

औषधाच्या गुणाचा विचार करताना हा चढउतार डोळ्यांसमोर ठेवावा लागतो. समजा, पाच आठवड्यांचं बाळ रोज संध्याकाळी सहा ते नऊ रडतं. मुठी आवळतं, पाय पोटाशी घेतं, चेहरा लाल होतो. घरचे आठवडाभर काढतात आणि सहाव्या आठवड्यात, अगदी कडेलोट झाल्यावर थेंब सुरू करतात. आठव्या आठवड्यात रडणं तासाभराने कमी होतं आणि दहाव्यात आणखी. घरात सगळे म्हणतात की थेंबांनी गुण आला. पण थेंब न देताही बहुतेक बाळांचा आलेख असाच उतरतो. शिवाय गोड चव जिभेला लागली की तान्हं बाळ काही मिनिटं शांत होतं, हे साखरपाण्याच्या प्रयोगांतही दिसलं आहे. त्यामुळे बाटली उघडल्या उघडल्या 'फरक' दिसतो आणि आईला खात्री पटते. गॅसचंही तसंच आहे. जोरात रडणारं बाळ हवा गिळतं आणि मग ती खालून सुटते. गॅस हा रडण्याचा परिणाम असू शकतो. तेच रडण्याचं मूळ आहे, असं सिद्ध झालेलं नाही.

सिमेथिकोन मात्र गॅस हेच कारण धरून बाळाच्या तोंडात आलं. हे सिलिकॉन तेल आणि सिलिकाचं मिश्रण. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सिलिकॉनची रसायनं कारखान्यात तयार होऊ लागली आणि ती फेस मोडतात हे कळलं. १९४९ मध्ये पोट फुगलेल्या गुरांवर, म्हणजे ज्यांच्या पोटात फेसाळ गॅस अडकतो त्यांच्यावर, सिलिकॉन वापरल्याचं पशुवैद्यकांनी छापलं. त्यानंतर १९५० च्या दशकात माणसांसाठीही ते आलं. बारीक बुडबुड्यांच्या पृष्ठभागावरचा ताण ते कमी करतं, त्यामुळे बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि ढेकर वा वायूच्या रूपाने बाहेर पडायला सोपे जातात. एकूण गॅस त्याने कमी होत नाही. ते आतड्यातून रक्तात शोषलं जात नाही, जसंच्या तसं शौचातून बाहेर पडतं. म्हणूनच ते बऱ्यापैकी सुरक्षित मानलं जातं.

पण त्याचा उपयोग होतो का? १९९४ मध्ये 'पीडियाट्रिक्स' या नियतकालिकात आलेली चाचणी आजही सर्वांत बोलकी आहे. दोन ते आठ आठवड्यांच्या ८३ बाळांना पाळीपाळीने सिमेथिकोन आणि दिसायला तसंच, पण औषध नसलेलं द्रव दूध पाजण्याआधी दिलं. कोणतं काय आहे, हे आईवडिलांना ठाऊक नव्हतं. २८ टक्के बाळांना फक्त सिमेथिकोनने बरं वाटलं, ३७ टक्क्यांना फक्त खोट्या औषधाने, आणि २० टक्क्यांना दोन्हींनी. रडण्याचं कारण गॅसच आहे असं वाटणाऱ्या बाळांतही सिमेथिकोन वरचढ ठरलं नाही. झालेल्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१६ च्या आढाव्यातही सिमेथिकोनच्या बाजूने भरवसा ठेवावा असा पुरावा मिळाला नाही. आजच्या ग्राइप वॉटरबाबत तर इतपत भक्कम चाचणीही झालेली नाही. शेपू, बडीशेप, आलं यांची मिश्रणं प्रत्येक कंपनीची निराळी, तेव्हा एकीचा अनुभव दुसरीला लावताही येत नाही.

तरीही डॉक्टर काही वेळा थेंब लिहून देतात, कारण आईवडील थकलेले असतात आणि औषध सहसा अपाय करत नाही. डोस मिलिग्रॅममध्ये मोजलेला बरा. दोन वर्षांखालच्या बाळाला सिमेथिकोनचा नेहमीचा डोस एका वेळी २० मिलिग्रॅम, दूध पाजल्यानंतर आणि रात्री झोपताना, दिवसातून चारदा. अमेरिकी लेबलवर दिवसाला १२ डोसची कमाल मर्यादा असते. भारतात मिळणाऱ्या पुष्कळ थेंबांत १ मिलीत ४० मिलिग्रॅम सिमेथिकोन असतं, सोबत शेपूचं आणि बडीशेपेचं तेल. म्हणजे २० मिलिग्रॅमला अर्धा मिली लागतो. अमेरिकेतल्या नेहमीच्या बाटलीत तेवढंच औषध ०.३ मिलीत असतं. पुण्याहून आजी बाटली घेऊन न्यू जर्सीला जाते आणि तिथल्या ड्रॉपरने औषध मोजलं जातं, तेव्हा इथेच गफलत होते. एका बाटलीचा ड्रॉपर दुसरीला लावू नये आणि 'दहा थेंब' असं मोजू नये, कारण प्रत्येक ड्रॉपरचा थेंब वेगळा पडतो. बाटली आधी हलवावी, सिमेथिकोन तळाशी बसतं.

ग्राइप वॉटरच्या ब्रिटनमधल्या बाटलीवर एक महिन्याखालच्या बाळाला देऊ नये असं असतं. एक ते सहा महिन्यांसाठी ५ मिली, दिवसातून जास्तीत जास्त सहा वेळा. म्हणजे दिवसाला ३० मिलीपर्यंत सोड्याचं पाणी अशा पोटात जातं जिथे फक्त दूध जायला हवं. ते चमच्यातून वा बाटलीतून जाताना स्वच्छतेचाही प्रश्न येतो. २००७ मध्ये अमेरिकेत सफरचंदाच्या स्वादाच्या एका ग्राइप वॉटरमध्ये क्रिप्टोस्पोरिडियम हा जुलाब लावणारा परजीवी सापडला. मिनेसोटातलं सहा आठवड्यांचं बाळ ते प्यायल्यावर आजारी पडल्यामुळे हे उघडकीला आलं आणि तिथल्या औषध प्रशासनाने ते वापरू नका असं जाहीर केलं.

सिमेथिकोनचा एक बारीक पण महत्त्वाचा धोका थायरॉइडच्या गोळीशी संबंधित आहे. जन्मतः थायरॉइड कमी असलेल्या बाळाला लेवोथायरॉक्सिन रोज द्यावं लागतं आणि सिमेथिकोन ते आतड्यात अडवू शकतं. असं झालेल्या बाळाची नोंद वैद्यकीय नियतकालिकात आहे. अशा बाळाला दोन्ही औषधं द्यायची असतील तर मधलं अंतर डॉक्टरांकडून ठरवून घ्यावं.

सर्वांत मोठी चूक मात्र दुकानाच्या काउंटरवर होते. बाळाच्या पोटदुखीच्या काही थेंबांत सिमेथिकोनसोबत डायसायक्लोमाइन असतं. ते आतड्याची आकडी सोडवतं, पण सहा महिन्यांखालच्या बाळांत श्वास थांबणं, झटके, बेशुद्धी असे प्रकार १९८० च्या दशकात नोंदले गेले आणि त्या वयात ते वर्ज्य ठरलं. कॉलिक नेमकं त्याच वयात होतं. दोन्ही बाटल्या सारख्याच छोट्या, दोन्हींवर 'ड्रॉप्स', त्यामुळे 'पोटदुखीचे थेंब द्या' एवढंच म्हणून औषध आणू नये. लेबलवरची घटकांची ओळ वाचावी आणि त्यात डायसायक्लोमाइन असेल तर बाटली परत करावी. बाळाला हिरवी उलटी झाली, शौचात रक्त दिसलं, तीन महिन्यांखालच्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप आला, ते दूध ओढेनासं झालं, वजन वाढत नसलं किंवा जांघेत गाठ दिसली, तर थेंबांच्या नादी न लागता त्याच वेळी डॉक्टरांकडे न्यावं.