नंबरावरून गाव कळेनासे झाल्यावर: टेलिफोन सर्वेक्षणातील नमुन्याचे गणित

सोलापूर जिल्ह्यातील विडी कामगार महिलांपैकी किती जणी स्वतःचे बँक खाते स्वतः चालवतात, हे फोनवरून जाणून घ्यायचे आहे असे समजा. पहिली अडचण प्रश्नावलीची नसून नंबर कोणते लावायचे याची आहे. जिल्ह्यातील सगळ्या फोनधारकांची यादी संशोधकाला मिळत नाही, आणि एखाद्या योजनेची किंवा संस्थेची यादी घेतली तर त्या यादीत नाव असलेलीच माणसे नमुन्यात येतात. म्हणून संशोधक नंबर शोधत नाहीत, तर तयार करतात. या पद्धतीला रँडम डिजिट डायलिंग म्हणतात. नंबराचे सुरुवातीचे आकडे वापरात असलेल्या मालिकेतून घ्यायचे आणि शेवटचे आकडे संगणकाकडून यादृच्छिकपणे, म्हणजे कोणतीही निवड न करता, काढून घ्यायचे. डिरेक्टरीत नाव असो वा नसो, चालू असलेल्या प्रत्येक नंबराला निवडले जाण्याची सारखी संधी मिळते, हे या पद्धतीचे बळ आहे.

ही पद्धत लँडलाइनच्या काळात अमेरिकेत घडली. तिथल्या दहा आकडी नंबरांतील बहुसंख्य नंबर कुणालाच दिलेले नसत, त्यामुळे आंधळेपणाने फोन लावणे फार खर्चिक पडे. वॉरन मिटोफ्स्की आणि जोसेफ वॉक्सबर्ग यांनी 1970 च्या दशकात त्यावर सुरेख तोडगा काढला. पहिले आठ आकडे समान असलेल्या शंभर नंबरांचा एक गट धरायचा आणि त्यातला एकच नंबर आधी लावून पाहायचा. तो कुणाच्या घरचा निघाला, तर त्याच गटातले आणखी नंबर लावायचे. नाही तर तो सगळा गट सोडून द्यायचा. टेलिफोन कंपन्या नंबर सलग वाटत असत, त्यामुळे एक घर सापडले की त्याच्या शेजारचे नंबरही घरांचेच असण्याची शक्यता बरीच वाढे.

लँडलाइनचा नंबर संशोधकाला न विचारता दोन गोष्टी सांगत असे. पहिली म्हणजे ठिकाण: 0217 म्हणजे सोलापूर, 02186 म्हणजे पंढरपूर, 02184 म्हणजे बार्शी. दुसरी म्हणजे एक नंबर हे साधारणपणे एक घर असे. त्यामुळे फोन लागल्यावर घरातील प्रौढांपैकी ज्यांचा वाढदिवस सर्वांत अलीकडे झाला त्यांना बोलवा, असे सांगून घरातल्या घरातही निष्पक्ष निवड करता येत असे. मोबाइलने या दोन्ही गोष्टी काढून घेतल्या.

आपल्याकडे मोबाइल नंबराच्या मालिका दूरसंचार परिमंडळानुसार वाटलेल्या असतात, जिल्ह्यानुसार नव्हे. महाराष्ट्र परिमंडळात मुंबई आणि तिची उपनगरे वगळून उरलेला सगळा महाराष्ट्र येतो, शिवाय गोवाही येतो. मालिकेचे पहिले पाच आकडे घेऊन उरलेले पाच यादृच्छिक ठेवले, तर एका मालिकेतून एक लाख संभाव्य नंबर तयार होतात. पण त्यांतला कोणता अक्कलकोटचा आणि कोणता गडचिरोलीचा, हे नंबर सांगत नाही. 2011 च्या जनगणनेनुसार सोलापूर जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे 43 लाख होती. परिमंडळातील लोकसंख्येशी तिची तुलना केली, तर ढोबळमानाने वीस माणसांमागे एक माणूस सोलापूर जिल्ह्यातला निघतो. आता सोपे जावे म्हणून धरू या, की तयार केलेल्या नंबरांपैकी निम्मे चालू आहेत आणि चालू नंबरांपैकी पाचातला एक माणूस बोलायला तयार होतो. अशा स्थितीत जिल्ह्यातील केवळ 400 मुलाखतींसाठी 400 गुणिले 20 गुणिले 2 गुणिले 5, म्हणजे 80,000 नंबर लावावे लागतील. त्यातही ‘आपण कोणत्या तालुक्यात राहता’ हा प्रश्न विचारेपर्यंत एकही नंबर बाद करता येत नाही.

उलट दिशेनेही गळती होते. पुण्यात कामाला गेलेला मोहोळचा तरुण आपला जुना नंबर तसाच ठेवतो, पण त्याला विचारून वगळता तरी येते. ज्यांच्या हातात कर्नाटक किंवा तेलंगणचे सिम आहे असे सोलापुरात राहणारे लोक मात्र महाराष्ट्राच्या मालिकेत कधीच येत नाहीत. विजयपूर आणि कलबुर्गीशी रोजचा संबंध असलेल्या, तेलुगू भाषक विणकर कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक असलेल्या या शहरात ही गळती नगण्य मानणे मला धोक्याचे वाटते. मुलाखतकार फक्त मराठी बोलत असेल, तर फोन लागूनही पहिल्याच वाक्याला ठेवला जाण्याची शक्यता इथे आणखी वाढते.

फोन न लागण्याचाही अर्थ लावावा लागतो. ‘हा नंबर अस्तित्वात नाही’ असा संदेश आला, तर तो नंबर हिशेबातून निर्धास्तपणे काढता येतो. ‘स्विच ऑफ आहे’ किंवा ‘संपर्क क्षेत्राबाहेर आहे’ असे ऐकू आले, तर मात्र तिथे एक माणूस आहे आणि तो आपल्याला मिळालेला नाही. असे नंबर वेगवेगळ्या दिवशी, सकाळी आणि संध्याकाळी पुन्हा लावावे लागतात. ते सोडून दिले, तर दिवसभर फोन हाताशी असणारी माणसेच नमुन्यात साचतात. ज्याच्याकडे दोन सिम आहेत त्याची निवड होण्याची शक्यता दुप्पट असते, म्हणून प्रत्येकाला सिमची संख्या विचारून दोनवाल्याच्या उत्तराला निम्मे वजन दिले जाते. ही चूक मोजता येते, म्हणून ती दुरुस्तही होते.

ज्यांच्याकडे फोनच नाही त्यांच्याबाबत तसे होत नाही. अमेरिकेत काही माणसे नमुन्यातून सुटण्याच्या या दोषाचे रूप निराळे होते. तिथे 2016 च्या उत्तरार्धात निम्म्याहून अधिक घरे केवळ मोबाइलवर होती. त्यांत तरुण आणि भाड्याने राहणारे लोक जास्त असल्यामुळे फक्त लँडलाइनवर केलेली सर्वेक्षणे त्यांना हुकत होती. मोबाइल नंबर नमुन्यात घेतल्यावर ती उणीव बरीच भरून निघाली. आपल्याकडे मोबाइलच्या पुढे दुसरी कोणती यादी नाही. 2019 ते 2021 या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील सुमारे 54 टक्के महिलांकडेच त्या स्वतः वापरतात असा मोबाइल होता. कुंभारीच्या विडी घरकुलातल्या एखाद्या घरात एकच फोन असेल आणि तो यंत्रमागावर जाणाऱ्या मुलाच्या खिशात असेल, तर दिवसभर घरी विड्या वळणारी त्याची आई आपल्या नमुन्यात येण्याचा मार्गच उरत नाही.

यामुळे होणाऱ्या चुकीचा हिशेब सोपा आहे. सुटलेल्यांचे प्रमाण गुणिले पोहोचलेल्या आणि सुटलेल्यांतील फरक, एवढी ती चूक असते. समजा, शंभर विडी कामगार महिलांपैकी 54 जणींकडे फोन आहे आणि त्यांतील 40 टक्के आपले खाते स्वतः चालवतात, तर फोन नसलेल्या 46 जणींत हेच प्रमाण 20 टक्के आहे. 40 आणि 20 टक्के हे आकडे केवळ उदाहरणासाठी धरलेले आहेत. खरे उत्तर येते 30.8 टक्के, सर्वेक्षण मात्र 40 सांगते. ही 9.2 टक्क्यांची चूक 400 ऐवजी 4,000 महिलांशी बोलूनही जशीच्या तशी राहते, कारण नमुना मोठा केल्याने कमी होते ती केवळ योगायोगाची चूक.

नमुन्यात महिला कमी पडल्या की त्यांच्या उत्तरांचे वजन वाढवून प्रमाण जनगणनेशी जुळवण्याची रीत आहे, आणि वय, शिक्षण, तालुका यांनुसार ती काही अंशी उपयोगीही पडते. पण त्यात फोन असलेल्या बाईला फोन नसलेल्या बाईच्या वतीने बोलायला लावलेले असते, आणि दोघींचे उत्तर सारखेच असेल हे गृहीत फोनवरून तपासता येत नाही. ते तपासायचे तर वसाहतीतली काही घरे यादृच्छिकपणे निवडून तिथे प्रत्यक्ष जावे लागते, तोच प्रश्न त्याच शब्दांत विचारावा लागतो आणि फोन असलेल्या व नसलेल्या महिलांची उत्तरे वेगवेगळी मांडावी लागतात. अशा शे-दोनशे घरांच्या भेटीतून त्या 20 टक्क्यांच्या जागी प्रत्यक्षातला आकडा मिळतो, आणि मग फोनवरच्या 40 टक्क्यांतून नेमके किती वजा करायचे, ते मोजता येते.