ते सात दात गेले कुठे?

अरबी छापील मजकूर वाचायला शिकलेला माणूस पहिल्यांदा हाताने लिहिलेली पाटी पाहतो तेव्हा चक्रावतो. अक्षरं तीच, पण वळण वेगळं. पुस्तकं आणि फोनच्या पडद्यावरचा मजकूर बहुधा ‘नस्ख’ वळणात असतो. पाट्या, फलक आणि रोजचं हस्ताक्षर मात्र, विशेषतः इजिप्तपासून इराकपर्यंतच्या देशांत, बरंचसं ‘रुक्आ’ वळणात चालतं. बाळबोध शिकलेल्या माणसापुढे एकदम मोडीचा कागद ठेवावा, तसाच काहीसा हा प्रकार आहे. फरक इतकाच, की रुक्आचे नियम मोजके आहेत आणि ते तासाभरात समजतात.

एकच शब्द घेऊ: ‘मुस्तश्फा’, म्हणजे रुग्णालय. लिहिताना ऱ्हस्व स्वर गाळले जातात, त्यामुळे उजवीकडून डावीकडे मीम, सीन, ता, शीन, फा आणि शेवटी नुक्ते, म्हणजे ठिपके, नसलेल्या ‘या’सारखं अक्षर, एवढंच उरतं. नस्खमध्ये सीनला तीन दात, म्हणजे वर आलेली छोटी टोकं, ताला एक आणि शीनला पुन्हा तीन. एकूण सात दात ओळीने उभे असतात आणि वाचणारा ते मोजत पुढे सरकतो. तावर दोन नुक्ते, शीनवर तीन, फावर एक.

आता हाच शब्द रुक्आत. मीमची इवलीशी भरीव गाठ येते आणि तिच्यानंतर सरळ आडवी रेघ. ती रेघ म्हणजे सीन, तिचे दात सपाट झालेले. मग एक छोटा उंचवटा, म्हणजे ता. त्याच्यावर दोन नुक्त्यांऐवजी एक आडवी फाटी असते, कारण भरभर लिहिताना दोन ठिपके आपोआप जोडले जातात. पुढे पुन्हा लांब रेघ आणि तिच्यावर काकपदासारखी टोकदार खूण. तीन नुक्त्यांची ती खूण झाली, म्हणून ही रेघ शीनची. सात दातांपैकी उरला एक. दात मोजणाऱ्याला इथे काहीच हाती लागत नाही. रेघेची लांबी पाहायची आणि डोक्यावरची खूण वाचायची. गोंधळ होतो तो फाटी फार आखूड पडली की. मग ती एका नुक्त्यासारखी दिसते आणि ताचा नून होतो. तशा वेळी त्याच लिहिणाऱ्याचा दुसरीकडचा नक्की एकेरी नुक्ता शोधून दोन्हींची रुंदी ताडून पाहावी.

दुसरी फसगत शब्दाच्या शेवटी होते. ‘दुक्कान’ हा आपल्या ओळखीचा शब्द अरबीत नूनवर संपतो. नस्खमध्ये नून म्हणजे वाटी आणि तिच्यावर ठिपका. रुक्आत तो ठिपका बहुधा वाटीच्या टोकालाच चिकटतो. टोक आत वळून जाड होतं, ठिपका वेगळा दिसतच नाही. नवशिक्या ठिपका शोधत बसतो. तो त्या वळलेल्या टोकात दडलाय हे कळलं, की पाट्यांवरचे कितीतरी शब्द सुटतात.

हे वळण घाईतून घडलं. ओटोमन कारभारात भरभर लिहिलं जाई आणि एकोणिसाव्या शतकात मुमताज एफेंदींनी रुक्आचे नियम बसवले. प्रमाणबद्ध लेखनाची कल्पना मात्र खूप जुनी, ती बगदादच्या इब्न मुक्लाशी जोडली जाते (मृत्यू इ.स. ९४०). बोरूचं तिरकं टोक कागदावर टेकवली की चौकोनी नुक्ता उमटतो, आणि तोच मापाचा गज. नस्खचा अलिफ, म्हणजे उभ्या रेघेचं पहिलं अक्षर, साधारण पाच नुक्ते उंच, मशिदींवर दिसणाऱ्या ‘सुलुस’चा सात, रुक्आचा जेमतेम तीन. म्हणूनच रुक्आ बुटकं आणि ठोसर दिसतं.

बुटक्या अक्षरांची गल्लत ‘नस्तालीक’शी होऊ शकते, कारण त्याचाही अलिफ आखूडच असतो. उर्दूचं नेहमीचं वळण हेच. अरब देशांत त्याला ‘फारसी’ म्हणतात आणि दुकानांच्या नावांसाठी ते आवडीने वापरतात. दोन्हींत सीन सपाट होऊ शकतो, त्यामुळे दातांवरून निवाडा होत नाही. ओळीकडे पाहा. रुक्आत बहुतेक अक्षरं ओळीवर बसतात. जीम, ऐन, मीम यांच्या घराण्यातली थोडीच अक्षरं खाली उतरतात. नस्तालीकमध्ये प्रत्येक शब्द उजवीकडे उंचावर सुरू होऊन डावीकडे खाली घसरत जातो, शेवटची वाटी खोल आणि ऐसपैस असते. लांब शब्दाची सुरुवात इतकी वर जाते की तिचे नुक्ते शेजारच्या शब्दाचे वाटतात. अशा वेळी नुक्ते बाजूला ठेवून आधी सांगाडा ओळखावा आणि मग एकेका नुक्त्याला घर शोधून द्यावं.

एक सापळा राहिला. मोरोक्कोकडच्या पारंपरिक ‘मग्रिबी’ लेखनात फाचा नुक्ता खाली असतो आणि काफच्या डोक्यावर दोनाऐवजी एकच. म्हणजे पूर्वेकडे शिकलेला माणूस तिथला काफ बिनधास्त ‘फा’ वाचतो. अक्षराखाली ठिपका असलेली वाटोळी गाठ एकदा जरी दिसली, तरी त्या पानावरच्या सगळ्या फांकडे पुन्हा पाहावं.