बिडाचा पाइप काळा का पडतो: सल्फेट-क्षपणक जिवाणूंची पार्श्वभूमी

हवा नाही तिथे लोखंड गंजत नाही, अशी जुनी समजूत होती. पण चिकणमातीच्या ओल्या जमिनीत पुरलेल्या बिडाच्या पाइपांनी ती खोटी ठरवली. उकरून काढल्यावर पाइपाचा आकार जशाचा तसा दिसे, पण चाकू लावला की भिंत सहज कापली जाई. लोखंड निघून गेलेले असे आणि मागे ग्राफाइटचा मऊ सांगाडा उरे. भोवतीची माती काळी असे.

त्या काळेपणाचा धागा 1895 मध्ये हाती आला होता. नेदरलँड्समधील डेल्फ्टला मार्टिनस बायेरिंक यांनी सल्फेटचे क्षपण करून हायड्रोजन सल्फाइड बनवणारा जिवाणू वेगळा केला. ऑक्सिजन संपलेल्या चिखलात हे जिवाणू सेंद्रिय पदार्थांवर जगतात आणि श्वसनासाठी ऑक्सिजनऐवजी सल्फेट वापरतात. त्यातून निघालेला सल्फाइड मातीतल्या लोहाशी जुळला की काळा आयर्न सल्फाइड तयार होतो. किनाऱ्यावरचा गाळ वरच्या पातळ थराखाली काळा दिसतो, तोही याच कारणाने.

पाइपांशी थेट संबंध जोडला तो फोन वोल्झोगेन क्यूर आणि व्हान डर व्लुख्त यांनी, 1934 मध्ये. पाण्याच्या संपर्कात लोखंड विरघळताना त्याच्या पृष्ठभागावर हायड्रोजन साचतो आणि गंज मंदावतो. जिवाणू तो हायड्रोजन खातात, म्हणून गंज चालू राहतो, असे त्यांचे म्हणणे. त्यांचे समीकरण असे:

4Fe + SO₄²⁻ + 4H₂O → FeS + 3Fe(OH)₂ + 2OH⁻

यातले प्रमाण नीट पाहण्यासारखे आहे. लोहाच्या चार अणूंपैकी एकच काळा सल्फाइड होतो. म्हणजे सुमारे 223 ग्रॅम लोखंड गेले, तर आयर्न सल्फाइड भरतो जेमतेम 88 ग्रॅम. नुसत्या काळ्या थरावरून नुकसानीचा अंदाज बांधला तर तो फार कमी येतो. उलट, सेंद्रिय पदार्थांवर जगणाऱ्या जिवाणूंचा सल्फाइड लोखंडाला खातो, तेव्हा एका लोह अणूमागे एक सल्फाइड बनतो. दोन्ही क्रिया एकाच पाइपावर चालू असू शकतात.

हे स्पष्टीकरण अनेक दशके टिकले, पण त्यात एक खोट होती. उदासीन पाण्यात लोखंडावर हायड्रोजन तयार होण्याचीच क्रिया संथ असते. तो कितीही झपाट्याने उचलला, तरी गंज फारसा वेग घेत नाही. 2004 मध्ये जर्मनीतील फ्रीडरिश विडेल यांच्या गटाने सागरी गाळातून असे जिवाणू मिळवले, जे लोखंडावर नेहमीच्या हायड्रोजनभक्षक जातींपेक्षा कितीतरी वेगाने सल्फेटचे क्षपण करत होते. त्यावरून ते लोखंडाकडून थेट इलेक्ट्रॉन घेतात असा निष्कर्ष निघाला. मला हा बदल 1934 च्या शोधाइतकाच मोलाचा वाटतो.

जागेवर तपासताना काळ्या खपलीवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकतात. सडक्या अंड्याचा वास आला तर सल्फाइड आहे. हा वायू विषारी असतो, म्हणून नमुना लहान घ्यावा आणि चाचणी मोकळ्या हवेत करावी. खपली उघडी राहिली की ऑक्सिडीकरणाने तपकिरी होते, तेव्हा पाइप उकरताक्षणीच नमुना घ्यावा. मात्र या चाचणीतून सल्फाइड असल्याचे कळते, तो पाइपावरच्या जिवाणूंनी बनवला की दुसरीकडून वाहत आला, हे कळत नाही.